अम्माच्या पत्रातला दालचा

आमच्याकडे भाताला खाना म्हणतात. त्यामुळे कुणी ‘दालचा-खाना आहे’ असं म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं जेवणाचंच आमंत्रण आहे. तसं ते असतंही. पश्चिम महाराष्ट्रात, सोलापूरकडे, मराठवाड्यात मुसलमानांच्या लग्नाला गेलात तर दालचा-खाना पानात पडतोच. हरभऱ्याच्या डाळीत हाडाचं मटण, दुधीच्या फोडी आणि चिंच. बरोबर गरम मसाल्याची फोडणी दिलेला भात. इतका साधा पदार्थ आहे, पण ज्याच्या त्याच्या घरचा वेगळा.

माझ्याकडे अम्माच्या हातची दालच्याची कृती आहे, ती वहीत नाही, एका निळ्या अंतर्देशीय पत्रात आहे. 1993 साली माझं लग्न झालं आणि कराडहून मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी आले. कराडला आम्ही कृष्णेचं पाणी प्यायलेली माणसं. इथे बोअरचं पाणी. पहिल्या दोन महिन्यांत मी अम्माला लिहिलं की डाळ शिजतच नाही, तास दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणे खड्यासारखे राहतात. सासरी सगळ्यांना त्याची सवय होती, मला नव्हती. त्याचं उत्तर म्हणजे हे पत्र. ते जसं आहे तसं इथे देते. विरामचिन्हं मी घातली आहेत, अम्माने ती कधी घातली नाहीत.

“बेटा, दुआ. तुझं पत्र मिळालं. डाळ गळत नाही म्हणून रडू नको, पाणी जड आहे. रात्री पाणी उकळून ठेव, सकाळी वरचं वरचं घे, तळाचं भांडी घासायला ठेव. त्याच पाण्यात डाळ भिजव. हरभऱ्याची डाळ पाच मुठी, म्हणजे आपलं चिपटं भरतं. तुरीची एक मूठ. हळद चुटकी. सोडा चुटकीच्या निम्मा, जास्त नको, साबणासारखं लागतं. पाणी डाळीच्या वर दोन पेरं. मीठ डाळीत नको, गोश्तात घाल. गोश्त हाडाचं, मिळेल तेवढं. कांदे तीन, रंग येईपर्यंत दुसरं काम हातात घेऊ नको. आलं अंगठ्याएवढं, लसणाचा एक गड्डा. तिखट आपल्या घरचं पाठवलंय त्यातलं दोन चमचे, तिथलं असेल तर आधी चाखून बघ. धने-जिरे तीन चिमटी. गोश्ताला आधी त्याचंच पाणी सुटू दे, मग वरून घाल. डाळ निम्मी मोडावी, निम्मी उभी राहावी. मग गोश्त डाळीत. दुधी वीतभर, फोडी जाड. फोडीत काडी जाऊ लागली की चिंच, लिंबाएवढी. आधी नको, चिंच पडली की डाळ रुसते. शेवटी बघार, आवाज बाहेर गेला पाहिजे. शेवटचं मीठ सासूबाईंना विचारून. माणसं वाढली तर डाळ वाढव, गोश्त तेवढंच. कोथिंबीर, पुदिना. जागा संपली. अब्बांची तब्येत बरी आहे.”

शेवटची दोन वाक्यं पत्र दुमडायच्या पट्टीवर, आडवी लिहिली आहेत.

अम्मा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. घरात आम्ही दखनी बोलतो, पण लिहायची वेळ आली की तिच्या हाताला मराठीच येते. उर्दू ती वाचत नाही, कुरआन शरीफ अरबीत वाचते. त्यामुळे तिच्या तोंडची पाककृती एका भाषेत आणि कागदावरची दुसऱ्या भाषेत. बोलताना ती ‘दाल गली क्या?’ विचारते, म्हणून मराठीत लिहितानाही ‘डाळ गळत नाही’. मराठीत डाळ शिजते, गळत नाही, गळतं ते छप्पर. पण मला तो शब्द जास्त नेमका वाटतो. शिजणं म्हणजे नुसतं गरम होऊन मऊ होणं. गळणं म्हणजे दाण्याने आपला आकार सोडणं, आणि दालच्यात हवं असतं ते हेच.

या पत्रात एक गोष्ट माझ्या बऱ्याच वर्षांनी लक्षात आली. हळदीला तिने ‘चुटकी’ लिहिलंय आणि धने-जिऱ्याला ‘चिमूट’. मला वाटायचं, एक दखनी शब्द आणि एक मराठी, हाताला आला तो लिहिला. तसं नाही. तिच्या हाताशी उभं राहून पाहिलं तेव्हा कळलं की चुटकी म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट, नखाच्या टोकावर मावेल तेवढं. चिमूट म्हणजे अंगठा आणि तीन बोटं, तळहाताकडे थोडं खोलगट करून. म्हणजे अर्ध्या चमच्याच्या जवळ जाणारं माप. दोन भाषांतले दोन शब्द तिने दोन मापांना वाटून दिले होते. कुणी शिकवलं नव्हतं. लोक म्हणतात की जुन्या बायका ‘अंदाजे’ घालायच्या. अंदाज हा शब्द आपण ढोबळपणासाठी वापरतो. अम्मा ‘अंदाजसे’ म्हणते तेव्हा तिला म्हणायचं असतं, समोरचं बघून ठरव.

आता डाळीकडे येते, कारण पत्र त्यासाठीच लिहिलं गेलं.

डाळ न शिजण्याची दोन कारणं असतात, एक पाणी आणि दुसरं डाळीचं वय. बोअरच्या पाण्यात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. तो उकळत्या पाण्यात विरघळला की दाणा सुटतो. पण कॅल्शियम त्या पेक्टिनला जाऊन चिकटतं आणि त्याला आणखी घट्ट करतं. मग तुम्ही किती का जाळ लावा, दाणा बाहेरून झिजतो आणि आत कडक राहतो. अम्माला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढं माहीत होतं की जड पाणी उकळून ठेवलं की भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, आणि तो थर वगळून घेतलेल्या पाण्यात डाळ बरी शिजते. हे बरोबरच आहे. उकळल्यावर चुन्याचा एक भाग खाली बसतो. सगळा मात्र बसत नाही, काही क्षार उकळूनही पाण्यात तसेच राहतात. म्हणून पत्रात पुढे सोडा आहे.

सोड्याने डाळ लवकर मऊ होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो किती घालायचा, हा खरा प्रश्न. जास्त झाला तर डाळ पिवळीची तपकिरी दिसू लागते, वरचा फेस जात नाही आणि चव साबणासारखी येते. शिवाय डाळीतलं ब जीवनसत्त्वही मरतं. अम्माचं माप चुटकीच्या निम्मं आहे, आणि ते चिपटंभर डाळीला पुरतं. आधी उकळलेलं पाणी घेतलंत तरच पुरतं, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. दोन्ही उपाय मिळून एक उपाय आहे. नुसत्या सोड्यावर निभावायला गेलं की सोडा वाढत जातो.

दुसरं कारण डाळीचं वय. दोन उन्हाळे पाहिलेली डाळ चांगल्या पाण्यातही कडक राहते. ती ओळखायची कशी? नवी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजली की फुगते आणि नखाने दाबली तर सरळ दोन तुकडे होतात, आतला रंग बाहेरच्यासारखाच असतो. जुनी डाळ दाबल्यावर मधोमध एक फिकट, कोरडा ठिपका दिसतो. तेवढ्यापुरतं पाणी आत गेलेलं नसतं. अशी डाळ आणखी दोन-तीन तास भिजवायची. तरी ठिपका राहिला तर त्या दिवशी दालच्याचा बेत सोडायचा आणि ती डाळ वाटून वड्यांना घ्यायची. अम्मा हे बोटानेच करायची, बोलता बोलता, डाळीकडे न बघता.

चिंचेचं वाक्य मला सगळ्यात आवडतं. ‘चिंच पडली की डाळ रुसते.’ आंबटपणाही पेक्टिनला धरून ठेवतो. चिंच, टोमॅटो, दही, यातलं काहीही आधी पडलं की डाळ जिथे आहे तिथेच थांबते. म्हणून अम्माच्या दालच्यात टोमॅटो नाहीच. पण तिने चिंच अगदी शेवटी, उतरवतानाही सांगितलेली नाही. ‘दुधीच्या फोडीत काडी जाऊ लागली की’ असं लिहिलंय, आणि यात खरी हुशारी आहे. दुधी डाळीत पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मऊ होतो आणि आणखी पाच मिनिटांत विरून जातो. लग्नाच्या दालच्यात पुष्कळदा दुधी शोधावा लागतो तो यामुळे. काडी थोड्या जोराने जाते अशा वेळी चिंच घातली की तोच आंबटपणा फोडीला थांबवतो. मग दालचा आणखी अर्धा तास मंद आचेवर राहिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम झाला, तरी फोडी अखंड. जी गोष्ट डाळीला नको, तीच दुधीला हवी. एका चिंचेने दोन्ही साधायचं तर वेळ एकच आहे, आणि ती घड्याळात सापडत नाही, काडीने बघावी लागते.

मिठाचंही सांगते. डाळीत आधी मीठ घातलं तर ती शिजत नाही असं बऱ्याच घरांत मानतात. मीही मानायचे. अम्माचं कारण वेगळं निघालं. गोश्त खारट रश्शात शिजतं आणि तो सगळा रस्सा पुढे डाळीत जातो. डाळीत आधीच मीठ असेल तर दोन खारट गोष्टी एकत्र येतात आणि मग काढता येत नाही. ‘मीठ घालता येतं, उचलता येत नाही,’ असं ती म्हणते.

आता मुठीकडे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने पुण्याहून फोन करून सांगितलं, “अम्मी, मला नानीचा दालचा ग्रॅममध्ये हवा.” ती नोकरी करते, एकटी राहते, तिच्या ओट्यावर छोटा डिजिटल काटा आहे. मागणी रास्त होती. बकरी ईदनंतर आम्ही कराडला गेलो तेव्हा तिने काटा बरोबर आणला. अम्मा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काटा बघून ती हसली. “बाजार लगाई क्या गे?” म्हणाली. पण मूठ भरून द्यायला तयार झाली.

तिच्या एका मुठीत तेहतीस ग्रॅम डाळ आली. दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्यांदा तेहतीस. मुलीने सरासरी काढली, पाचाने गुणलं आणि एकशे साठ ग्रॅम लिहिलं. मला ते पटेना. पाच-सहा माणसांच्या दालच्याला एवढी डाळ पुरत नाही, आणि अम्माचा दालचा पातळ कधीच नसायचा. कारण समोर होतं. अम्माच्या बोटांचे सांधे संधिवाताने सुजलेले आहेत. मधली दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, फटीतून दाणे सांडतात. ही 1993 ची मूठ नव्हती. त्या मुठीने आम्हा पाच भावंडांचं पीठ मळलं होतं. ती आता काट्यावर ठेवायला शिल्लक नाही.

पण पत्रात तिने एक वाक्य जास्तीचं लिहून ठेवलं होतं. ‘पाच मुठी, म्हणजे आपलं चिपटं भरतं.’ आजच्या मुलांना चिपटं माहीत नसेल. धान्य मापायची जुनी मापं होती. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. वजन नव्हे, आकारमान. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, दुकानात किलो-लिटर आलं, पण घरातल्या डब्यांत ही मापं पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. आमचं चिपटं पितळेचं आहे, अम्माच्या सासूचं. त्याचा काठ एका ठिकाणी चेपलाय. तांदळाच्या पिंपात ते अजून आहे.

आम्ही ते डाळीने सपाट भरलं, वरचं बोटाने पुसून काढलं आणि काट्यावर ओतलं. दोनशे तीस ग्रॅम. भागिले पाच, म्हणजे मूठ शेहेचाळीस ग्रॅमची. ही अम्माची खरी मूठ. आजच्या हाताने चिपटं भरायला तिला सात मुठी लागल्या. ती सातवी मूठ टाकताना काही बोलली नाही, फक्त हात ओढणीला पुसला.

मी या मोजदादीवर बराच विचार केला. मूठ हे माप वाईट नाही. ज्या घरात एकच बाई रोज रांधते तिथे ती एकच मूठ रोज तेवढीच असते, आणि काटा लागत नाही. मुलीने माझीही मूठ मोजली, बेचाळीस भरली. तिची स्वतःची अडतीस. म्हणजे माप घरातल्या घरात नेमकं असतं. आई ते लेक असा प्रवास झाला की ते थोडं बदलतं. अम्माला हे ठाऊक असणार, नाहीतर तिने चिपट्याचा उल्लेख कशाला केला असता? तिने माझ्या हातावर भरवसा ठेवला आणि पडताळायला भांडंही सांगून ठेवलं.

बाकीची मापं अशीच शरीरावरची आहेत. पेर म्हणजे बोटाचं एक कांडं. डाळीवर पाणी दोन पेरं, भातावर एक. ही युक्ती चांगली आहे, कारण पातेलं रुंद असलं की तेवढ्याच पेराला पाणीही जास्त बसतं आणि रुंद तोंडातून वाफही जास्तच जाते. घरच्या पातेल्याला ती चुकत नाही. लग्नाच्या देगेत मात्र तांदळाचा थर एवढा खोल असतो की वरचं एक पेर त्याला पुरणार नाही. तिथे बावर्ची भरपूर पाण्यात तांदूळ उकळतो आणि वेळून काढतो. वीतभर दुधी आम्ही मोजला, चारशे ग्रॅमच्या आसपास भरला. लिंबाएवढी चिंच तीस ग्रॅम. ही दोन्ही मापं अम्माच्या मूठ मिटण्यावर अवलंबून नव्हती, म्हणून ती टिकली.

आता पत्रातली एकच गोष्ट अशी आहे जिला कुठलंच माप नाही. ‘गोश्त हाडाचं, मिळेल तेवढं.’ मुलीला हे विचित्र वाटलं. पाककृती मटणाची आणि मटणालाच आकडा नाही. तिला आमचा तो बावर्चीखाना माहीत नाही.

कराडच्या घरात स्वयंपाकाची खोली म्हणजे मागच्या पडवीचा बंद केलेला भाग. एका कोपऱ्यात दोन तोंडांची चूल, तिच्या वैलावर डाळीचं भांडं. पुढच्या मोठ्या जाळावर गोश्त. वैलाला जाळ येतो तो उरलेला, मंद आणि एकसारखा, त्यावर डाळ दोन तास न बघता राहते आणि करपत नाही. अब्बा शुक्रवारी अर्धा किलो गोश्त आणायचे. कधी पाव किलो. जेवायला आम्ही नऊ, आणि जुमाच्या नमाजनंतर एखादा पाहुणा ठरलेला. अर्धा किलोचं नुसतं सालन केलं तर एकेकाला दोन तुकडे आले नसते. हाडाचं गोश्त डाळीत गेलं की नळीतला अर्क सगळ्या पातेल्यात उतरतो, आणि ज्याच्या ताटात तुकडा आला नाही त्याच्याही डाळीला गोश्ताची चव असते. ‘माणसं वाढली तर डाळ वाढव, गोश्त तेवढंच’ या वाक्याचा अर्थ हा आहे. घरात पैसा किती आहे हे ज्या पदार्थात कळत नाही, असा तो पदार्थ होता. पाहुण्याला नळी, अब्बांना छातीचा तुकडा, मुलांना जे येईल ते, आणि अम्मा शेवटी पातेल्याच्या तळाची डाळ भाताला पुसून खायची. तिच्या ताटात तुकडा मी पाहिल्याचं मला आठवत नाही.

त्यामुळे पत्रात आकडा लिहिणं तिला जमणारं नव्हतं. अर्धा किलो लिहिलं असतं आणि माझ्या सासरी पाव किलोच आलं असतं, तर मला वाटलं असतं की आज दालचा होणार नाही. ‘मिळेल तेवढं’ लिहिल्यामुळे तो नेहमी होऊ शकला. आणि ‘शेवटचं मीठ सासूबाईंना विचारून’ हेही पाककलेतलं नाही. नव्या घरात मी रोज एकदा त्यांच्याकडे वाटी घेऊन जावं, त्यांनी चाखून सांगावं, अशी ती सोय होती. माझ्या सासूबाई कमी बोलणाऱ्या. आमचं बोलणं सुरू झालं ते मिठापासून.

बघाराबद्दल थोडं. तेल पळीभर, त्यात जिरे, ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता, याच क्रमाने. लसूण कडेने बदामी झाला की मिरची, कारण मिरची आधी पडली तर ती काळी होते आणि लसूण कच्चा राहतो. मग गरम बघार गरम डाळीवर एका दमात ओतायचा आणि लगेच झाकण. डाळ गार असेल किंवा तेल पुरेसं तापलं नसेल तर आवाज दबका येतो आणि तेल वर तवंगासारखं पसरून राहतं. आवाज बाहेर गेला पाहिजे याचा अर्थ तेल योग्य तापलं होतं. आमच्याकडे आणखीही एक अर्थ होता. तो चर्र आवाज ऐकून ओट्यावर खेळणारी मुलं हात धुवायला पळायची, हाक मारावी लागायची नाही.

मुलीने सगळं एका कागदावर नीट लिहून घेतलं. हरभरा डाळ दोनशे तीस ग्रॅम, तूरडाळ शेहेचाळीस, दुधी चारशे, चिंच तीस, मटण पाचशे. कांद्याला मध्यम आचेवर वीस मिनिटं. मी त्यात एवढंच केलं की प्रत्येक आकड्याशेजारी अम्माचा शब्द लिहिला, मूठ, वीत, चिमूट, चुटकी. मटणापुढचा पाचशेचा आकडा तिने ठेवला, मी त्याच्याखाली ‘मिळेल तेवढं’ लिहिलं.

महिन्याभराने पुण्याहून तिचा फोन आला. एका रविवारी तिने मैत्रिणींना बोलावून दालचा केला होता. सगळं काट्यावर मोजून. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी डाळ कडक. अम्मा त्या वेळी माझ्याकडेच राहायला आली होती. मी फोन स्पीकरवर टाकला. अम्माने डाळ किती घेतली, किती भिजवली, काहीच विचारलं नाही.

“तुमारेकू पानी कहाँका आता?” तिने विचारलं.

टँकरचं, मुलगी म्हणाली. त्यांच्या सोसायटीत नळाला पुरेसं पाणी नाही. टँकर बोअरवरून भरून येतो.

“हौ,” अम्मा म्हणाली, आणि पत्रातली पहिली तीन वाक्यं तिने जशीच्या तशी सांगितली. रात्री उकळून ठेव, सकाळी वरचं वरचं घे, तळाचं भांडी घासायला. एकतीस वर्षांपूर्वी ती आम्हाला सांगून झाली होती. आम्ही कागदावर डाळ आणि दुधी उतरवला आणि पाणी तेवढं राहिलं, कारण पाण्याचं वजन करायचं कुणाच्या मनात आलं नाही. मुलीने तिच्या कागदावर आता सगळ्यात वर ती तीन वाक्यं लिहिली आहेत, मराठीत, नानीने सांगितली तशी.